चाळीस क्लिप्सना एकच लूक, पण दोन वगळून

हळदीच्या व्हिडिओत प्रत्येक क्लिपवर लुमेट्री पेस्ट करत बसू नकोस. प्रीमिअरमध्ये प्रोजेक्ट पॅनेलमधून New Item > Adjustment Layer घे, V1 वरच्या क्लिप्सच्या वर, V2 वर, ओढ आणि हवा तेवढा ताण. तो लेयर निवडूनच लुमेट्री लाव. नवखे इथेच फसतात: खालची क्लिप निवडलेली राहते आणि रंग त्या एकाच क्लिपला लागतो.

एक लक्षात ठेव, लेयर फक्त त्याच्या खालच्या ट्रॅक्सवर चालतो. म्हणून नावाच्या पाट्या V3 वर ठेव, नाहीतर पांढरी अक्षरंही पिवळसर होतील. (माझी झाली होती. नवरीच्या काकांनीच दाखवून दिलं.)

आता वगळायचं कसं? समज, अंगणातल्या उन्हात घेतलेल्या क्लिप्समध्ये मधेच स्वयंपाकघरातले बल्बखालचे दोन शॉट आहेत. उबदार लूकने ते पार केशरी होतात. मग:

- ते दोन शॉट सरळ वर V3 वर उचल, वेळ न हलवता. तिथे लेयर पोहोचत नाही.
- शेजारच्या क्लिपशी डिझॉल्व्ह असेल तर उचलल्यावर तो तुटतो. तेव्हा लेयरच त्या शॉटच्या दोन्ही टोकांना रेझरने काप आणि मधला तुकडा उडव.

कापाकापी मात्र एडिट पक्का झाल्यावरच. नंतर क्लिप सरकवलीस तर भोक जागच्या जागी राहतं आणि भलत्याच शॉटचा रंग उडतो.