दोघंही शिकत असताना जर्मनीत संसार: पैसे, परीक्षा आणि आम्ही दोघं

"ताई, मी आणि नवरा दोघंही येत्या ऑक्टोबरला जर्मनीत मास्टर्सला जातोय. लग्नाला जेमतेम वर्ष झालंय. दोघांचाही अभ्यास, पैसे मोजकेच आणि तिथे ओळखीचं कुणी नाही. या सगळ्यात आमचं आमच्यात काही बिघडणार नाही ना, याची मला खरंच भीती वाटते. तुम्ही दोघांनी कसं निभावलं?"

आम्ही 2022 च्या ऑक्टोबरमध्ये माग्डेबुर्गला आलो. मी सांगलीची, तो नाशिकचा, आणि दोघांचीही इंजिनिअरिंगची मास्टर्स. बिघडायची वेळ आमच्यावरही आली होती. ती कशी आली ते आधी सांगते, म्हणजे तुमच्याकडे ती येताना दिसली तर लगेच ओळखता येईल.

पहिले दोन महिने नव्याच्या उत्साहात गेले. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडायला लागला आणि त्याच सुमाराला त्याने एका गोदामात संध्याकाळच्या पाळीचं काम धरलं. मी सकाळी आठला लेक्चरला जायचे, तेव्हा तो झोपलेला. तो रात्री साडेअकराला यायचा, तेव्हा मी झोपलेली. खोली एकच, बावीस चौरस मीटरची, आणि तरी आमचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं: "भात फ्रीजमध्ये आहे", "भाडं गेलं का?" भांडण असं एकही झालं नव्हतं. फेब्रुवारीत त्याचा एक पेपर गेला आणि ते त्याने मला चार दिवस सांगितलं नाही. इथे बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच प्रयत्न असतात. तिसरा गेला की त्या कोर्समधून नाव कमी होतं, आणि मग व्हिसाचाही प्रश्न उभा राहतो. एवढी मोठी गोष्ट तो माझ्याशेजारी झोपून एकटाच चार दिवस वागवत होता. त्या दिवशी मला खरी भीती वाटली.

मुळाशी गेलो तेव्हा कारण पैशाचं निघालं. पेपर गेला तो अभ्यासाला वेळ नव्हता म्हणून, आणि वेळ नव्हता तो कामामुळे. ते काम धरलं होतं आमच्याकडे किती आहे आणि किती लागतं याचा नीट हिशेब न करता, नुसत्या धास्तीने. म्हणून पैशाबद्दल आधी सांगते.

सध्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एका माणसामागे वर्षाचे 11,904 युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 सुटतात. तुमच्या दोघांचे मिळून 1,984 होतील. ही रक्कम दोन एकट्या विद्यार्थ्यांना धरून ठरलेली आहे. तुम्ही एका घरात राहणार, त्यामुळे जिथे जिथे दोघांत एकच खर्च आहे तिथे तिथे पैसे वाचतात. रेडिओ-टीव्हीचा सक्तीचा आकार घरटी एकच असतो, महिन्याला 18.36 युरो. दोघांच्या नावाने वेगवेगळी पत्रं येतील. एकाने भरायचं आणि दुसऱ्याने भरणाऱ्याच्या पत्रावरचा नंबर कळवायचा.

मोठी बचत आरोग्य विम्यात आहे आणि ती फार जणांना माहीत नसते. सरकारी विम्यात एकाने विद्यार्थी म्हणून हप्ता भरला, तर नवरा किंवा बायको त्याच विम्यात कुटुंबीय म्हणून मोफत येऊ शकते. अट अशी की तिची स्वतःची कमाई ठरावीक मर्यादेच्या आत हवी. मिनीजॉब, म्हणजे थोड्या पगाराची छोटी नोकरी, करत असेल तर 2026 पासून ही मर्यादा महिन्याला 603 युरो आहे. आम्हाला हे आठ महिन्यांनी कळलं. दोघंही वेगवेगळे हप्ते भरत बसलो होतो, महिन्याला शंभराच्या वर युरो उगाच जात होते. तो गोदामात जेवढ्यासाठी राबत होता त्यातला एक मोठा तुकडा हाच होता, हे आठवलं की अजून वाईट वाटतं. विवाह नोंदणीचा दाखला जर्मन भाषांतरासह आणा. विमा घेतानाच हा विषय काढा. पुढे कुटुंबीय म्हणून असलेल्याला मर्यादेपेक्षा जास्त पगाराची नोकरी लागली तर विमा कंपनीला लगेच कळवा, नाहीतर मागचे हप्ते एकदम अंगावर येतात.

एवढं जुळलं तर पहिलं सेमिस्टर तरी दोघांपैकी कुणीही काम धरू नका, असं मी आग्रहाने सांगेन. नंतर एका वेळी एकानेच, आणि परीक्षेच्या दोन महिन्यांत शक्यतो कुणीच नाही. तो पेपर गेल्यावर आम्ही हेच केलं. त्याने पाळ्या सोडल्या, मी उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीच्याच एका विभागात आठवड्याला दहा तासांचं काम घेतलं. दुसऱ्या प्रयत्नात तो विषय सुटला.

पैशाचं बोलणं आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारवर नेलं. इथे रविवारी दुकानं बंद, त्यामुळे खरेदीची घाई नसते. कागद-पेन घेऊन अर्धा तास बसायचं आणि मग महिनाभर जेवताना तो विषय काढायचा नाही. आधी प्रत्येक जेवणात "हे कितीला आणलंस?" व्हायचं, ते थांबलं.

आणि कपडे धुणं. हे वाचून तुला नवल वाटेल, पण आमचं बोलणं परत सुरू झालं ते त्याच्यामुळे. वसतिगृहाच्या तळघरात सामायिक मशीन होतं, एक फेरी सव्वा तासाची. गुरुवारी संध्याकाळी मशीन लावायचं, फोन खोलीत ठेवायचे आणि एल्बे नदीच्या काठाने चालत सुटायचं. मशीन संपायच्या आत परत यायचं, कारण मागे कुणीतरी थांबलेलं असतं. थंडीत कान लाल व्हायचे, पण त्या सव्वा तासात बोलण्याखेरीज दुसरं करण्यासारखं काही नसायचं. त्या पेपरची गोष्ट त्याने मला तिथेच सांगितली. तुम्ही दुसरं काहीही शोधा, पण ते ठरल्या दिवशी असू दे आणि दोन्ही फोन घरी असू देत.

एकटेपणाबद्दल आई फोनवर म्हणायची, "दोघं आहात ना, मग एकटं कसं?" तिला समजावता यायचं नाही. दोघांनाही एकमेकांशिवाय कुणीच नसलं की घरच्या आठवणीचा, प्रोफेसरच्या रागाचा, थंडीचा सगळा भार एकाच माणसावर येतो, आणि तो माणूस स्वतःच दमलेला असतो. म्हणून दोघांची एकेक वेगळी जागा हवी. तो युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागात व्हॉलीबॉलला जायला लागला, सेमिस्टरची फी अगदी थोडी असते. मला एक जर्मन मैत्रीण मिळाली. ती माझं जर्मन दुरुस्त करायची, मी तिला हिंदी शिकवायचे. घरी येऊन एकमेकांना सांगायला काहीतरी नवं असायचं.

एवढं करूनही कुणी खूप दिवस झोपेविना, जेवणाविना राहिलं, तर स्टुडिरेंडनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणारी संस्था, तिच्याकडे समुपदेशक असतात. बऱ्याच ठिकाणी ते मोफत असतं आणि इंग्रजीतही बोलता येतं. मी मार्चमध्ये चार वेळा गेले होते. पहिली वेळ मिळायला तीन आठवडे लागले, त्यामुळे अगदी टोकाला जाईपर्यंत थांबू नका.

आता एक काम लगेच करा. याच स्टुडिरेंडनवेर्ककडे जोडप्यांसाठी दोन खोल्यांची घरं असतात, पण ती थोडी आणि रांग लांब. अ‍ॅडमिशन लेटरच्या आधी अर्ज घेतात का ते आजच ईमेल करून विचार. एक दार मध्ये असलं की एकाला रात्री दोनपर्यंत वाचता येतं आणि दुसऱ्याला झोपता येतं. आम्हाला ते घर दुसऱ्या वर्षी मिळालं.