खोक्यांतील झुरळांच्या कुप्या: वाचकांचे प्रश्न

आंब्याची रिकामी खोकी आम्ही मे महिन्यात माळ्यावर टाकतो. २५ जूनला झुरळांसाठी जेल लावून घेतले. महिनाभर एकही झुरळ दिसले नाही, पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माळ्याखाली बारीक पिल्ले फिरू लागली. जेल बनावट होते का? (गुहागर)

जेलने आपले काम केले असावे. मोठे तांबूस झुरळ, ज्याला अमेरिकन झुरळ म्हणतात, आपली १४ ते १६ अंडी एका कडक कुपीत भरते, ती थोडेच दिवस पोटाशी वागवते आणि मग एखाद्या आडोशाला तोंडातील स्रावाने चिकटवून निघून जाते. जेल खाल्ले तरच झुरळ मरते, आणि कुपीतले पिल्लू बाहेर येईपर्यंत काहीच खात नाही; वरून फवारलेले औषधही कुपीच्या कवचातून सहसा आत पोहोचत नाही.

आता तारखा जुळवून पाहा. समजा, २० जूनला एका मादीने खोक्याच्या तळाशी कुपी चिकटवली आणि पाच दिवसांनी जेल खाऊन ती मेली. कुपी फुटायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे पिल्ले १ ते १५ ऑगस्टच्या सुमारास बाहेर पडणार. तोवर जूनमधले जेल वाळून कडक झालेले असते, त्यामुळे ती वाचतात. खोक्याचा नालीदार पुठ्ठा तर त्यांना फारच सोयीचा असतो, कारण त्याच्या नळ्यांत लहान पिल्ले सहज शिरतात आणि थर जोडणारी पिष्टमय खळ त्यांना खायला मिळते.

आधी पिल्ले नीट पाहावीत. ती करड्या-तपकिरी रंगाची असतील, तर वरचा हिशेब लागू पडतो. काळपट अंगावर पाठीच्या मध्यभागी फिकट पट्टा असेल, तर ती जर्मन झुरळाची आहेत आणि त्यांचे मूळ बहुधा स्वयंपाकघरात सापडेल. खोकी एकेक करून अंगणात किंवा पडवीत उतरवावीत, तळाच्या दुमडी उघडून चवळीच्या दाण्याएवढ्या गडद तपकिरी कुप्या शोधाव्यात आणि जुन्या सुरीने खरवडून उकळत्या पाण्यात टाकाव्यात. टेप काढलेला साधा पुठ्ठा बंबात घालता येतो. त्यानंतर माळ्यावर ताजे जेल लावावे आणि आठ आठवड्यांनी पुन्हा पाहावे. पुढच्या हंगामापासून खोकी साठवूच नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. फेरवापर करायचाच असेल, तर प्लास्टिकचे क्रेट धुऊन ठेवता येतात.

ऑनलाइन मागवलेल्या पार्सलमधून झुरळे घरात येतात का? (अलिबाग)

येऊ शकतात, पण दोन जातींची रीत वेगळी आहे. जर्मन झुरळाची मादी कुपी फुटायच्या वेळेपर्यंत स्वतःच्या शरीरालाच धरून ठेवते, आणि एका कुपीत बहुधा ३० ते ४० अंडी असतात. त्यामुळे त्या जातीच्या बाबतीत खोक्यावर भरलेली कुपी शोधण्यापेक्षा लपलेली मादी शोधणे महत्त्वाचे ठरते. अमेरिकन झुरळाची कुपी मात्र गोदामात चिकटवली गेली असेल, तर आई मागे राहून कुपी तेवढी तुमच्या घरी येते. पार्सल ओटीवरच उघडावे, वस्तू झटकून आत न्यावी, आणि खोके त्याच दिवशी चपटे करून घराबाहेर काढावे. पाहायचे झाले तर तळाच्या झडपांची आतली बाजू आणि सुटलेल्या टेपखालची जागा आधी पाहावी. वस्तू परत करावी लागेल म्हणून खोके ठेवायचे असेल, तर ते घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे.

वर्तमानपत्रांच्या रद्दीत डांबरगोळ्या ठेवल्या तर अंडी मरतात का? (मालवण)

उघड्या खोलीत ठेवलेल्या गोळ्यांवर त्यासाठी विसंबू नये. शिवाय त्यांची वाफ माणसांना, विशेषतः लहान मुलांना, अपायकारक असते. घट्ट दाबलेल्या पानांच्या मध्ये कुपी क्वचितच सापडते. ती गठ्ठ्याच्या मागे, भिंतीला टेकलेल्या बाजूला किंवा सर्वांत खाली असते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तीच जागा दमट राहते. म्हणून गठ्ठा भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर ठेवावा आणि दर महिन्याला रद्दीवाल्याला द्यावा. सुतळी बांधण्यापूर्वी खालचे चार-पाच अंक उलटून पाहावेत.

खोक्यात सापडलेली कुपी जिवंत आहे की रिकामी, हे कसे ओळखावे? (दापोली)

कुपीच्या एका कडेला दातेरी शिवण असते. पिल्ले तीच उघडून बाहेर पडतात आणि नंतर ती पुन्हा मिटू शकते, म्हणून केवळ बाहेरून पाहून निर्णय करू नये. चिमट्याने दाबल्यावर कुपी हलकी व पोकळ लागली तर ती रिकामी, आणि ओलसर गर निघाला तर भरलेली होती. कडेला एकच गोल छिद्र दिसले, तर आतली अंडी एका परजीवी गांधीलमाशीच्या अळीने खाल्लेली असतात. ही माशी काळी असते, तिचे इवलेसे पोट झेंड्यासारखे वरखाली हलते, आणि ती माणसाला डसत नाही. माळ्याच्या खिडकीपाशी ती दिसली, तर तिला मारू नये. मात्र ती दिसते याचा अर्थ जवळपास कुठेतरी कुप्या आहेत, तेव्हा खोकी त्याच दिवशी उतरवून पाहावीत.