टीमला आणि मुलीला मोकळीक दिली, तर दोन्हीकडे काम थांबलं

प्रश्न: अंबड एमआयडीसीत क्वालिटीची टीम सांभाळतो. ट्रेनिंगमध्ये सेल्फ-डिटर्मिनेशन थिअरी ऐकली आणि टीमला मोकळीक दिली, तर रिजेक्शन रिपोर्ट वेळेवर येईना. घरी दहावीतल्या मुलीचंही तेच, भूमिती बाजूलाच पडली. ही थिअरी फक्त कागदावरच चालते का?

उत्तर: नाशिकच्याच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, म्हणून लिहितोय. माणसाने आपणहून काम करायला ज्या तीन गोष्टी लागतात, त्या स्वायत्तता, सक्षमता, आपलेपणा अशा तीन गोलांत ट्रेनिंगवाले काढतात आणि चहाला जातात. ही थिअरी मांडणाऱ्या डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या लेखी स्वायत्तता म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. करतोय ते काम स्वतःला पटलेलं असणं, एवढाच तिचा अर्थ. डेडलाइन असूनही ती टिकू शकते.

तुमच्या उपयोगाचा प्रयोग डेसी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये छापला. काम मुद्दाम रटाळ ठेवलं होतं: कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपका दिसला की बटण दाबायचं. तीन गोष्टी काही गटांना मिळाल्या, काहींना नाही: कामाचं कारण सांगणं, ‘हे कंटाळवाणं आहे’ हे मान्य करणं आणि ‘केलंच पाहिजे’ची भाषा टाळणं. नंतर मोकळ्या वेळात कोण आपणहून ते करत राहतं, हे पाहिलं. यातल्या किमान दोन गोष्टी मिळालेल्यांपैकी जे जास्त वेळ करत राहिले, त्यांना कामाबद्दल बरं वाटत होतं. त्याहून कमी मिळालेल्यांतही काही जण करत राहिले, पण मनावर दडपण घेऊन. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, म्हणूनच साहेब लोक फसतात.

आता तुमचा रिपोर्ट. ‘शनिवारी पाचपर्यंत मेल हवाच’ याऐवजी असं बोलून बघा: ‘आकडे भरणं वैतागाचं आहे, मलाही माहितीय. पण कुठल्या मशिनवर पार्ट जास्त रिजेक्ट होतायत हे सोमवारी कळलं नाही, तर तोच माल पुन्हा निघतो. शनिवार संध्याकाळ ही मुदत राहील. रोज थोडं भरायचं की एकदम, कोण काय भरणार, ते तुम्ही ठरवा.’ मुदत तशीच राहिली, फक्त पद्धत त्यांच्या हातात गेली.

मुलीची अडचण मला सक्षमतेची वाटते. प्रमेयाची सिद्धता कुठे अडते हेच कळत नसेल, तर ‘तुला हवं तेव्हा कर’ म्हणणं म्हणजे तिला एकटं सोडणं. शेजारी बसा, पायऱ्या तिला बोलायला लावा, अडली की तेवढीच पायरी दुरुस्त करा. ‘हुशार आहेस’पेक्षा ‘दुसऱ्या पायरीचं कारण लिहायचं राहिलं’ हे तिच्या कामाचं. आपलेपणाही त्यातच आला, फक्त शेजारच्या मुलाचे मार्क मध्ये आणू नका.

नीट रुजलं का, हे ओळखायला तुम्ही रजेवर असताना काय होतं ते पाहा. रिपोर्ट येत असेल, पण एका चुकीवर माणूस दिवसभर कासावीस होत असेल, तर तो दडपणानेच भरतोय.

आणि सोमवारी तो रिपोर्ट खरंच कुणी उघडत नसेल, तर कारण रचत बसू नका, सरळ बंद करा.