चवथ्या सीटवरची कंबर

प्रश्न : वय ३६, बीकेसीत दिवसभर बसून काम. दोन वर्षांत चौथ्यांदा कंबर धरली आहे. फिजिओथेरपिस्टकडे जावे की ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे?

उत्तर :

फिजिओथेरपिस्टकडे, मात्र जो तुम्हाला न तपासताच यंत्राला जोडतो, त्याच्याकडे नव्हे. खरे तर एवढ्यावर थांबता आले असते, पण आमच्या घरात याच विषयावरून माझे आणि दादाचे सहा वर्षे वाजते आहे. ‘हाडांचा डॉक्टर सोडून मालिशवाल्याकडे कसला जातोस?’ हे त्याचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की उत्तर लांबणारच.

मी फोर्टमधील एका कार्यालयात हिशेबाचे काम करतो आणि डोंबिवलीहून येतो. सकाळी सव्वा तास लोकलच्या चवथ्या सीटवर अर्धा टेकून, पुढे आठ तास खुर्चीत, संध्याकाळी पुन्हा तसेच. वयाच्या अडतिसाव्या वर्षी एका सकाळी दात घासून चूळ भरायला बेसिनवर वाकलो आणि कंबरेत अशी चमक निघाली की बेसिन धरूनच उभा राहिलो. दादाने त्याच दिवशी ओळखीच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे नेले. तपासणी चार मिनिटांत आटोपली आणि एमआरआय काढायला सांगितले गेले. अहवालात एल४-एल५ या मणक्यांमधील चकती फुगल्याचे आले. ‘गादी सरकली’ असे दादाने सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवले. मला पट्टा, गोळ्या, दहा दिवस अंथरूण आणि ‘यापुढे वाकू नका’ हा आदेश मिळाला.

दोन आठवड्यांत दुखणे गेले आणि श्रेय पट्ट्याला मिळाले. वास्तविक कंबरेची साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच ओसरते. पाच महिन्यांनी पुन्हा तेच झाले, आणि त्यानंतरही दोनदा. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा चाळिशीतल्या माणसांचे एमआरआय काढले, तरी सुमारे निम्म्यांच्या चकत्या फुगलेल्या दिसतात. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून हे मांडले गेले. म्हणजे माझ्या लिफाफ्यातला तो फोटो माझ्या दुखण्याचे कारण असेलही आणि नसेलही. ते कोणी सांगितले असते, तर वर्षभर मी लहान मुलीला उचलून घ्यायला घाबरलो नसतो.

नंतर मी घराजवळच्या एका फिजिओथेरपी केंद्रात गेलो. दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेतले गेले. रोज कंबरेवर पॅड लावून वीस मिनिटे मुंग्या आणणारा विद्युतप्रवाह, मग यंत्राने कंबर ताणायची, म्हणजे ट्रॅक्शन. झोप उत्तम लागायची, कंबर होती तिथेच राहिली. ब्रिटनच्या २०१६ च्या अधिकृत मार्गदर्शक सूचना कंबरदुखीसाठी हे प्रवाह, अल्ट्रासाऊंड आणि ट्रॅक्शन देऊ नका असेच सांगतात. पट्ट्याबद्दलही त्यांचे मत तेच आहे. त्यामुळे दादाचा ‘मालिशवाला’ या एका ठिकाणापुरता मला मान्य करावा लागतो.

तिसऱ्या वेळी भेटलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाऊण तास घेतला आणि पहिला अर्धा तास कोणत्याही यंत्राला हात लावला नाही. दुखणे सकाळी जास्त की संध्याकाळी, बसल्यावर वाढते की चालल्यावर, खोकल्यावर कळ पायात उतरते का, असे प्रश्न झाले. उताणे झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला. गुडघ्याच्या आणि टाचेच्या प्रतिक्षिप्त क्रिया, पायाच्या अंगठ्यातली ताकद तपासली. मग उभ्यानेच दहा वेळा पुढे वाकायला सांगितले. सहाव्या वेळी कंबरेतली कळ उजव्या कुल्ल्यात उतरली. त्यानंतर पालथे झोपून, हातांवर जोर देत छाती उचलायची आणि कंबर सैल सोडायची, असे दहा वेळा केले. कुल्ल्यातली कळ मागे सरकत कंबरेच्या मध्यावर आली. तिथे ती थोडी वाढली, पण खालची गेली. बाई म्हणाल्या, ‘दुखणे खालून वर सरकते आहे ना, मग दिशा बरोबर आहे. ज्या दिवशी ते खाली उतरेल, त्या दिवशी थांबायचे आणि मला फोन करायचा.’

उपचार म्हणाल तर इतकाच : तोच व्यायाम दर दोन-तीन तासांनी दहा वेळा, कार्यालयात पालथे पडता येत नाही म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहून, हात कंबरेवर ठेवून पाच-सहा वेळा मागे झुकणे, आणि सकाळी उठल्यावर पहिला तास वाकायचे नाही. रात्रभर आडवे राहिल्याने चकत्यांत पाणी भरून त्या फुगलेल्या असतात, म्हणून सकाळचे वाकणे त्यांना सर्वांत जड जाते. माझी चमक बेसिनपाशीच का निघायची, ते त्या दिवशी कळले. तेव्हापासून मी गुडघे वाकवून, एक हात बेसिनवर टेकून चूळ भरतो. तीन आठवड्यांनी कुल्ल्यांच्या आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू झाले. एकूण सहा भेटींत काम झाले.

पुन्हा पुन्हा धरणाऱ्या कंबरेला चालणे लावा. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत, जी २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये आली, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने चालणे वाढवलेल्या लोकांचे दुखणे परतायला साधारण २०८ दिवस लागले. काहीच न करणाऱ्यांचे ११२ दिवसांत परतले. मी सीएसएमटीहून टॅक्सी न करता चालत जातो.

आता जे आधी सांगायला हवे होते ते. लघवी अडकणे किंवा कळेनाशी होणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता येणे, ही लक्षणे दिसली तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. चालताना चप्पल पायातून निसटू लागली, तर पाऊल उचलणारा स्नायू दुबळा झाला असू शकतो. तेव्हा विनाविलंब ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडेच जायचे. संध्याकाळचा ताप, घटणारे वजन आणि रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मुंबईत मणक्याच्या क्षयरोगाची शंका घ्यावीच लागते. तुमच्या वयात सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत असेल आणि हालचालीने बरे, विश्रांतीने वाईट वाटत असेल, तर संधिवाताचे डॉक्टर, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट गाठा. शिवाय मागे झुकण्याचा माझा व्यायाम प्रत्येकाचा नसतो. काहींना त्याने त्रास वाढतो. फिजिओथेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य परिषदेकडे आहे का, ते विचारायला संकोच करू नका.

दादा आता एकसष्टचा आहे. स्टेशनपर्यंत चालताना त्याच्या दोन्ही पोटऱ्या भरून येतात आणि बाकावर बसला, किंचित पुढे वाकला की पाच मिनिटांत मोकळ्या होतात. त्या वयात हे मणक्यातील जागा अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते, त्याला माझा व्यायाम उलटाच पडेल. म्हणून गणपतीपासून मी त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे जा म्हणतो आहे. तो म्हणतो, ‘बसलं की बरं वाटतं, डॉक्टर कशाला?’