जपानमध्ये जेवण मागवताना

टोकियो-क्योतोचा बेत चार दिवसांचा आहे आणि तुम्ही शाकाहारी आहात, तर मोजकीच वाक्यं पाठ करा, पण नीट करा.

दारात किती जण ते विचारतात. दोघं असाल तर ‘फुतारी देसु’ म्हणा. वेटर आपणहून येईलच असं नाही, म्हणून ‘सुमिमासेन’ अशी मोठ्यानं हाक मारा, तिथे ते उद्धट मानत नाहीत. मेनूवर बोट ठेवून ‘कोरे, हितोत्सु ओनेगाइशिमासु’ म्हटलं की ‘हे एक द्या’ झालं.

खरी अडचण दाशीची, म्हणजे पदार्थांत घालायच्या, उकळून काढलेल्या अर्काची. झारू सोबा दिसायला अगदी शाकाहारी: गार नूडल्स आणि त्या बुडवून खायला वाटीत त्सुयू हे काळपट सार. पण त्या त्सुयूत बहुधा कात्सुओबुशी या सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. नुसतं ‘निकु नाशी’ म्हणाल तर मांस वगळतील, पण माशाचा अर्क राहील. म्हणून स्पष्ट विचारा: ‘साकाना नो दाशी वा हाइत्ते इमासु का?’ ‘हाय’, म्हणजे ‘हो’, आलं तर दुसरं काही मागवा. दाशी आधीच उकळून ठेवलेली असते, तुमच्यापुरती ती काढता येत नाही.

म्हणूनच क्योतोतल्या अराशियामाचा दिवस जेवणाभोवती आखा. तेनर्यू-जी मंदिराच्या आवारात ‘शिगेत्सु’मध्ये शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठांचं शाकाहारी जेवण मिळतं. ते फक्त दुपारी असतं, त्यामुळे बांबूचं बन सकाळीच उरका. इतरत्रही दुपारी दोननंतर बरीच हॉटेलं संध्याकाळपर्यंत बंद असतात. ‘रासुतो ओदा’, म्हणजे ‘शेवटची ऑर्डर’, ऐकू आलं की जे हवं ते लगेच मागवा.

बिलासाठी ‘ओकाइकेइ ओनेगाइशिमासु’. टिप ठेवू नका.