पिझ्झा स्टोन नाहीये, तर ओटीजीत किंवा झाकण ठेवून पॅनमध्ये पिझ्झा करायला तापमान आणि वेळ किती ठेवायचा? माझा बेस खालून पांढराच राहतो.

खालून पांढरा राहतो म्हणजे बहुतेक ओटीजीबरोबर आलेल्या पातळ ट्रेवर, तो गार असतानाच पिझ्झा लावून आत सरकवताय. मग वरच्या रॉडची आच लागून चीज लाल होतं आणि तोवर खालचा ट्रे कुठे नुकता तापलेला असतो. स्टोन आधीच उष्णता साठवून ठेवतो आणि पिझ्झा पडल्या पडल्या ती बेसला देतो, बस, आणि ते काम आपला जाड सपाट लोखंडी डोशाचा तवा छान करतो. त्याला लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ नको, आणि नॉनस्टिक तर नकोच, रिकामं नॉनस्टिक एवढं तापवणं चांगलं नाही.

तवा खालच्या जाळीवर ठेवायचा, दोन्ही रॉड चालू, 250 डिग्री, आणि अर्धा तास तापू द्यायचा. दहा मिनिटांत ओटीजीचा दिवा विझतो त्याला फसू नका, तेव्हा आतली हवा तापलेली असते, लोखंड नाही. 200 ग्रॅम मैद्याला साधारण 130 मिली पाणी आणि चमचाभर तेल (यीस्ट, मीठ नेहमीसारखं) घेतलं की 8 इंची दोन पिझ्झे होतात. उलट्या ताटावर रवा भुरभुरून त्यावर पिझ्झा तयार करायचा आणि हलकेच तव्यावर सरकवायचा, सॉस दोन चमचेच, जास्त झाला की मधला भाग ओलाच राहतो. 250 ला 8 ते 10 मिनिटं, तुमचा ओव्हन 230 पर्यंतच जात असेल तर 11 ते 13. घड्याळापेक्षा कड उलथण्याने उचलून बघा, खाली बदामी ठिपके दिसले पाहिजेत. खाली झालाय पण चीज फिकट असेल तर वरच्या जाळीवर नेऊन फक्त वरचा रॉड, एक-दोन मिनिटं, आणि तिथून हलायचं नाही कारण करपायला वेळ लागत नाही.

नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत 430 च्या वर तापमान असतं म्हणून तिथे दीड मिनिटात होतो, आपल्याकडे जास्त वेळ आत राहिल्याने बेस वाळतो, म्हणून पिठात ते तेल घालायचं आणि अगदी पापडासारखा पातळ लाटायचा नाही.

पॅनमध्ये वरून आचच नसते, म्हणून बेस आधी एका बाजूने भाजून घ्यायचा. जाड पॅन मध्यम आचेवर, चिमूटभर मैदा टाकून बघा, हळूहळू बदामी झाला तर बरोबर, लगेच काळा पडला तर आच जास्त आहे. बेस टाकून दोनेक मिनिटं, फुगे आले की उलटा, गॅस एकदम बारीक, भाजलेल्या बाजूवर सॉस आणि चीज, मग झाकण ठेवून 5-6 मिनिटं. मध्ये एकदा झाकण काढून आतलं पाणी पुसायचं, नाहीतर ते चीजवर टपकतं आणि पिझ्झा गिचका होतो. सिमला मिरची, कांदा आधी परतून घ्या, एवढ्या वेळात ते शिजत नाहीत. पॅनमध्ये चीज वितळेल पण त्यावर लाल डाग येणार नाहीत, ते हवे असतील तर ओटीजीच लावा.