ग्लिच घालवायला जास्तीचा गेट

प्रश्न: मी खानापूरचा, बेळगावात डिप्लोमा करतोय. F = AB + A'C मध्ये B, C दोन्ही 1 असताना A 1 वरून 0 केला की आउटपुट क्षणभर 0 का होतं?

उत्तर: AB लगेच 0 होतो, पण A' नॉट गेटमधून काही नॅनोसेकंद उशिरा येतो. तेवढ्या वेळात दोन्ही अँड गेट 0 असतात. हाच स्टॅटिक-1 हझार्ड. के-मॅपवर बघ, शेजारचे ते दोन 1 वेगवेगळ्या गटांत पडलेत. दोघांना झाकणारा BC जोड:

```
F = AB + A'C + BC
```

BC मध्ये A नाहीच, त्यामुळे तो आउटपुट 1 वर धरून ठेवतो. सिंथेसिस टूल मात्र त्याला अनावश्यक समजून काढून टाकू शकतं, तेवढं तपास. A सोबत B किंवा C सुद्धा बदलला, तर याची हमी नाही. 0-1-0-1 असा डायनॅमिक हझार्ड सहसा अनेक पातळ्यांच्या सर्किटमध्येच भेटतो.